लाल वर्तुळ तिच्या हाताभोवती

घाटकोपरच्या आमच्या कबड्डी मंडळात सर सामना दाखवायचे ते भाड्याच्या व्हीसीआरवर. टीव्हीच्या काचेवर साडीच्या खोक्याचा पारदर्शक कागद चिकटपट्टीने लावायचे. चित्र थांबवलं की थरथरायचं, मधून पांढरा पट्टा जायचा, फक्कीची रेषा तर दिसेनाशीच व्हायची. म्हणून सर आधी चालत्या चित्रावर पट्टी धरून मैदानाची रेषा निळ्या स्केचपेनने कागदावर आखत. कॅमेरा स्टँडवर एका जागी असल्यामुळे ती टेपभर जुळायची. मग लाल वर्तुळं आणि बाण.

त्या दिवशी मुंबई उपनगरच्या संघाच्या निवड चाचणीसाठी मंडळातून एकच नाव जाणार होतं. माझं, नाहीतर माझ्या मैत्रिणीचं. अंतिम सामन्यातल्या शेवटच्या पकडीवर सरांनी टेप थांबवली आणि लाल वर्तुळ काढलं ते तिच्या हाताभोवती. तिथून एक बाण चढाईवाल्या मुलीच्या घोट्याकडे.

"बघा, घोटा कसा धरलाय. याला म्हणतात पकड."

सगळ्या पोरी तिच्याकडे बघायला लागल्या. ती आपली मान खाली घालून नखं कुरतडत बसलेली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या मुलीची परतीची वाट अडवली होती मी. मी नसते तर हिच्या हाताला काय, हवा लागली असती? आणि चित्रात मी कुठे, तर नेमकी त्या पांढऱ्या पट्ट्याखाली.

"सर, थोडं मागे घ्या ना," मी म्हणाले. "वाट कोणी अडवली ते पण दाखवा."

"राहू दे गं," मैत्रीण हळूच म्हणाली. मला वाटलं, घाबरली.

सरांनी टेप मागे घेतली, पुन्हा सोडली, थांबवली. या वेळी पट्टा वर सरकला होता आणि मी अख्खी दिसत होते. तिचं वर्तुळ रिकामंच राहिलं होतं, हात अजून तिथे पोचलाच नव्हता. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

सरांनी माझ्याभोवती वर्तुळ काढलं. मग पेन तसंच धरून ते जरा वेळ बघत राहिले आणि एक छोटा बाण काढला, माझ्या पायाकडे. माझं पाऊल निळ्या रेषेच्या चांगलं बाहेर होतं.

"अजून कोणी शिवलेलं नाही, म्हणजे रेषेबाहेरची पट्टी अजून खेळात आलेली नाही," सर म्हणाले. "पंचांना दिसलं असतं तर तू बाद होतीस."

नाव तिचं गेलं. पोरी निघून गेल्यावर तिने ओल्या रुमालाने कागद पुसायला घेतला. आधी माझं वर्तुळ पुसलं, मग तो बाण, मग स्वतःचं.

"मला तेव्हाच दिसलं होतं, मैदानावर," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं, राहू दे."

तिची निवड मी पुढे कधीतरी विसरलेही असते. पण तिला माहीत होतं आणि ती गप्प बसली होती, याचा मात्र मला आजही हेवा वाटतो.