कपात म्हणजे हप्ता नव्हे

ललितमामा बोलण्याआधी पँट वर ओढतो. त्याची नक्कल करायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते. शहाद्याच्या एका शाळेत तो प्रयोगशाळा परिचर आहे. म्हणजे परीक्षानळ्या धुतो, पण लग्नात कुणी विचारलं तर पँट ओढून म्हणतो, "सायन्स डिपार्टमेंटमा शे."

तर हा सायन्स डिपार्टमेंटवाला दोन वर्षांपूर्वी गाडीच्या कर्जासाठी बँकेत गेला. साडूने चारचाकी घेतली होती आणि त्या गाडीत मामाला मागे, पिशव्यांशेजारी बसवलं होतं. ते त्याला फार लागलं.

बँकेतली हकिकत त्याने आम्हाला जेवताना सांगितली. तिथे कर्जाचं बघणाऱ्या वसावे मॅडमचा आवाज काढायला त्याने नाकावर नसलेला चष्मा खाली ओढला.

"हप्ते काय काय चालू आहेत?"

"एकच मॅडम. मोटारसायकल, तीन हजार."

"आणि पगारपत्रकात हे पतसंस्थेचे साडेसात हजार?"

"ती कपात आहे मॅडम. हप्ता नाही. आपोआप जाते."

"आपोआप जाते म्हणजे जात नाही का?"

मॅडमनी भविष्य निर्वाह निधी आणि कर वजा जाता पगार धरला तीस हजार. घराच्या स्लॅबसाठी काढलेल्या त्या पतसंस्थेच्या कर्जाची कपात आणि मोटारसायकल मिळून झाले साडेदहा. "शंभरातले पस्तीस आधीच गेलेत," त्या म्हणाल्या. "जुने-नवे सगळे हप्ते मिळून चाळीसच्या आत राहिले, तर घर चालतं. गाडीचे सहा हजार धरले की पंचावन्न होतात. पतसंस्था दोन वर्षांनी फिटतेय, तेव्हा या. मोटारसायकल आणि गाडी मिळून तीसच होतील."

"मंग खरंच सांगं तिनी," मामी म्हणाली.

"कपातले हप्ता म्हणस ती! अगं, जे घरमा उनंच नही, ते गयं कसं?"

घरात आलंच नाही ते गेलं कसं, यावर आम्ही सगळे हसलो. रुपा, त्याची मुलगी, तेव्हा अकरावीत होती. तीही हसली.

पुढच्या आठवड्यात मामाला गोकुळ भेटला. हा एका खासगी फायनान्सचा माणूस. दर वाक्याला दोनदा सर. "काही नाही सर, फक्त सही सर. पगार किती सर?"

"तीस हजार."

"चालू हप्ते सर?"

"एकच. तीन."

गोकुळने मोबाईलवर बोट फिरवलं. "तीन आणि आपले सहा, नऊ. शंभरात तीस सर. एकदम सेफ सर!"

म्हणजे पगार सांगताना मामा कपातीच्या अलीकडे उभा होता आणि हप्ते सांगताना पलीकडे: पगार कपातीआधीचा, हप्ते कपात सोडून. गोकुळने पगारपत्रक मागितलं नाही, पतसंस्थेचं नावही विचारलं नाही. गाडी आली. मामीने चाकाखाली लिंबू ठेवलं. साडूला मुद्दाम मागे बसवून सारंगखेड्याच्या यात्रेला नेलं.

तीस हजारांतले साडेसोळा गेले की घराला साडेतेरा उरायचे. त्यातच पेट्रोल आणि विमा. पावसाळ्यात टायर बदलले. त्या महिन्यात गाडीचा हप्ता खात्यात पैसे नाहीत म्हणून परत गेला, वर दंड लागला. पुढच्या महिन्यातही तेच. गोकुळचा आवाज बदलला. दोन सर होते, तिथे एकही उरला नाही. "भरा ना हो. आम्ही काय इथे भजन करायला बसलोय?"

यंदा रुपाचा धुळ्याला नर्सिंगला नंबर लागला. पहिली फी पंधरा दिवसांत भरायची होती. मामा शैक्षणिक कर्जासाठी पुन्हा वसावे मॅडमकडे गेला, रुपाला घेऊन. सहकर्जदार म्हणून सही त्याचीच लागणार होती.

मॅडमनी कागद पाहिले. चष्मा खरंच खाली आला. "पतसंस्था अजून तीन महिने आहे. आज पंचावन्न झालेत. त्यात दोन हप्ते परत गेलेले. हे प्रकरण मंजुरीला वर जाणार नाही हो."

गाडी विकायला काढली, तर जेवढं कर्ज बाकी होतं तेवढीही किंमत कुणी देईना. साडूला विचारलं. साडू म्हणाला, "दादा, मना बी हप्ताच शेत." तारीख निघून गेली. जागा दुसऱ्या पोरीला मिळाली.

रुपा आता केळीच्या पॅकिंगला जाते. परवा मी मामाकडे गेलो तेव्हा ती हाताला लागलेला केळीचा चीक तेलाने काढत होती. गाडी अंगणात, वर ताडपत्री. मामी म्हणाली, "आते दोन महिनामा कपात बंद व्हई. मंग सुटनूत."

रुपाने मान वर केली नाही.

"पप्पा," ती म्हणाली, "मन्हं नर्सिंग कशामा गयं? हप्तामा का कपातमा?"

मामाने पँट वर ओढली. आम्ही वाट पाहिली. तो अंगणात जाऊन गाडीवरची ताडपत्री सारखी करू लागला.