नालीपर्यंतचं बोट

बेला गावची मयूरी आदिलाबादच्या एका खासगी ऑफिसात संगणकावर, कॅड सॉफ्टवेअरमध्ये नकाशे काढते. त्या दिवशी तिने एका रस्त्याचा आडवा छेद काढला. डांबरी रस्ता, मधून दोन्ही कडांना अडीच टक्के उतार, कडेला नाली, तिच्या पलीकडे फुटपाथ. प्रत्येकाची लेयर, म्हणजे नकाशातला थर, वेगळी, रंग वेगळा. स्क्रीनवर नाव ठेवायला जागा नव्हती.

प्रिंट न्यायला मुकादम नागोराव आले. त्यांना वाचता येत नसे. त्यांनी रस्त्याच्या मधोमध बोट टेकवलं, उतारावरून सावकाश कडेला आणलं आणि कोऱ्या कागदावर थांबवलं.

"पोरी, पानी इथवर आलं. आता जाईन कुठी?"

कागदावर नालीच नव्हती. मयूरीने स्क्रीनवरच्या नालीवर क्लिक केलं. ती चुकून डेफपॉइंट्स लेयरवर काढली गेली होती. त्या लेयरवरचं स्क्रीनवर दिसतं, पण छापलं जात नाही. स्वतःवरच चरफडत तिने नाली नालीच्याच लेयरवर नेली आणि नवी प्रिंट काढली.

"काका, तुमी होते म्हणून," ती प्रिंट त्यांच्या हाती देत म्हणाली.

आता कुठलीही प्रिंट देण्याआधी ती रस्त्याच्या मधोमध बोट टेकवते, अन् नाली लागेपर्यंत उचलत नाही.