उशीवर दाखवलेलं दुखणं

पंढरीनाथ कंपौंडरला लडकूची ओळख होती ती फक्त हाताची. कापडाच्या लूमवर बोट फाटलं की धामणकर नाक्याच्या दवाखान्यात यायचं, पट्टी बांधून घ्यायची आणि परत शिफ्टला पळायचं, एवढाच त्यांचा संबंध. तो कोन नावाच्या गावचा, लूमचा फिटर, बायको काशी, हे माहीत होतं. बाकी माणूस कशाला हसतो, कशाला भितो, यातलं पंढरीनाथला काही ठाऊक नव्हतं. पुढे लोक त्याच्याकडेच लडकूबद्दल विचारायला येऊ लागले, तेव्हा सांगण्यासारखं त्याच्यापाशी फार थोडं निघालं.

सत्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात लडकू आणि त्याचा शेजारी नवशा मस्कतला निघाले. नळांच्या कामावर, वाळवंटातल्या कॅम्पात. एक्सरे झाला, रक्त-लघवी तपासली, दोघे पास झाले. पण आधी गेलेला एकजण सांगून गेला होता की तिथं आजारी पडलं तर डॉक्टरला इंग्रजीतच सांगावं लागतं. म्हणून दुपारी दवाखाना बंद असताना दोघे पंढरीनाथकडे शिकायला येऊ लागले. काशीही यायची आणि बाकावर बसून ऐकायची.

पंढरीनाथने एका कागदावर डावीकडे मराठी आणि उजवीकडे नागरी अक्षरांतच इंग्रजी लिहून दिलं होतं:

ताप – फीवर
थंडी वाजते – आय फील कोल्ड
चक्कर येते – आय फील डिझी
मळमळतं – आय फील सिक
उलटी झाली – आय व्हॉमिटेड
जुलाब – डायरिया
धाप लागते – आय ॲम शॉर्ट ऑफ ब्रेथ
घाम फुटतो – आय ॲम स्वेटिंग
छातीत दुखतं – चेस्ट पेन
हात जड होतो – माय आर्म फील्स हेवी

"आमी जुलाबाला लूज मोशन बोलतो," नवशा म्हणाला.

"इथं चालतं. तिथला डॉक्टर कुठल्या मुलखातला असेल कोण जाणे. तू डायरियाच म्हण."

"आन् वारा धरला तर?"

"वाऱ्याला इंग्रजी नाही. कुठं दुखतं ते सांगायचं, कधीपासून ते सांगायचं. कशानं वाढतं, कशानं थांबतं, तेही. शब्द आठवला नाही तर बोट ठेवायचं आणि 'पेन हिअर' म्हणायचं."

पण बोट ठेवण्याशीच अडलं. लडकूने पोटावर हात नेला तशी काशी बाकावरून ओरडली, "अवं! नसलेलं दुखणं आपल्या अंगावर दाखवू नका!"

हा रिवाज पंढरीनाथच्या घरीही होताच. दुसऱ्याचं गळू सांगतानाही त्याची आई हवेत बोट धरायची. त्याने तपासायच्या टेबलावरची रेक्झिनची उशी भिंतीला उभी केली. वरचं टोक डोकं, खालचं पोट, मधे छाती.

"हा तुमचा पेशंट," तो म्हणाला.

"माज्या सासऱ्यासारका दिसतो," नवशा म्हणाला. "बोलत बी न्हाय तसाच."

मग रोज उशीला ताप यायचा, उशीला जुलाब व्हायचे. नवशा शब्द विसरायचा आणि हसायचा. लडकू मात्र चांगला तयार झाला. पंढरीनाथ डॉक्टर व्हायचा.

"व्हेअर इज द पेन?"

"हिअर, सर." बोट उशीच्या मध्यावर.

"व्हेन डझ इट कम?"

"व्हेन आय क्लाइम्ब, सर."

"अँड देन?"

"माय आर्म फील्स हेवी. स्वेटिंग. आय सिट, इट गोज."

पंढरीनाथ थांबला. चढताना येतं आणि बसलं की जातं, हे त्याने शिकवलेलं नव्हतं. त्याने फक्त सुटे शब्द दिले होते. त्याने वर पाहिलं. लडकूचं बोट अजून उशीवर होतं, पण दुसरा हात सदऱ्याच्या आत डाव्या छातीवर चोळत होता. काशीनेही ते पाहिलं. या वेळी ती ओरडली नाही.

"लडकू, हे उशीचं आहे की तुझं?"

हात झटकन खाली आला. "उशीचंच. तुमीच बोल्ला ना, सगळा सांगायचा."

"खरं सांग."

"अवो, शिडी चढलो का जरासं धरतं. लूमचा कापूस गेला आसंल आत."

पंढरीनाथने त्याला संध्याकाळी डॉक्टरांपुढे बसवलं. डॉक्टरांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं. "नळीने सगळं कळत नाही," ते म्हणाले. "ठाण्याला जाऊन कार्डिओग्राम काढ. तो बघितल्याशिवाय विमानात बसू नकोस."

बाहेर आल्यावर लडकू पंढरीनाथला हळूच म्हणाला, "एजंट काय बोलला ठावं हाय? तिथं डॉक्टरानं इचारलं तर नो प्रॉब्लेम सर बोलायचं. दुखतं बोलला तो परत आला."

"परत आला म्हणजे जिवंत आला ना?"

लडकूने सदऱ्याची बटणं लावली आणि तो शिफ्टला पळाला.

त्यानंतर दोघांची एकदाच गाठ पडली, ती निघायच्या दिवशी. पुढचं सगळं पंढरीनाथला नवशाकडून कळलं, तेही पाऊस संपल्यावर, नवशा एकटा परतला तेव्हा.

कॅम्पात टाकीवर चढायचं काम होतं. लडकू मधेच शिडीला धरून उभा राहायचा, खाली बघतोय असं दाखवायचा. पुढे तो बसल्या जागीही घामाघूम व्हायला लागला. नवशाने मागे लागून त्याला कॅम्पाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मिसरचा, म्हणजे इजिप्तचा होता, चांगला माणूस. त्याने लडकूला विचारलं, काय होतंय?

"मला वाटलं आता सांगंल," नवशा म्हणाला. "तर ह्यानं टेबलावरची उशी घेतली, उबी केली. बोल्ला, माय फ्रेंड, सर. चेस्ट पेन. हिअर. माय फ्रेंड सिट, पेन नॉट गो. आर्म हेवी. स्वेटिंग. एक शब्द चुकला न्हाय, कंपौंडर. तुमी शिकीवलं तसंच."

"मग?"

"डॉक्टर उटून उबाच राह्यला. बोल्ला, फ्रेंड कुटं हाय? आत्ता आना, जीपगाडी देतो. ह्यो बोल्ला, टुमारो, सर. मी तोंड उगडलं तर माजा पाय दाबला. भायेर आल्याव बोल्ला, तुज्या पोरांची शपत, गप ऱ्हा. डॉक्टरानं मला परत धाडला तर काशीला तोंड काय दाखवू?"

नवशाने मान खाली घातली. सकाळी भोंगा झाला, सगळे उठले, लडकू उठला नाही. डॉक्टर आपणच जीप घेऊन कॅम्पात आला होता, कोणाचा मित्र आजारी आहे ते विचारत.

काशी दवाखान्यात आली ती गोळ्या मागायला नाही. ती बाकावर बसली आणि टेबलाकडे बघत राहिली. पंढरीनाथने उशी आत नेऊन ठेवली.

"भाऊ," ती म्हणाली, "ठाण्याचा कागद घरात कुटंच न्हाय. ते गेलेच न्हाईत. मला बोल्ले, गेलतो. तुमाला काय बोल्ले?"

पंढरीनाथलाही तेच सांगितलं होतं. निघायच्या दिवशी लडकू नवी पँट घालून दवाखान्याच्या उंबऱ्यात उभा होता. ट्रंक रिक्षात होती आणि नवशा बाहेरून हाका मारत होता.

"कार्डिओग्राम काढलास?"

"काढला. चांगला हाय बोल्ले."

"कागद?"

"घरीच ऱ्हायला."

पंढरीनाथ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. बाहेरून ट्रक गेला आणि धुळीचा लोट आत आला. बाटल्या उघड्या होत्या.

"दार ओढून घे रे, धूळ येतेय," तो म्हणाला.

लडकूने दार ओढलं, पुन्हा उघडलं आणि कडी हलवून बघितली.

"ही कडी ढिली झालीय, कंपौंडर. आल्याव ठोकून देतो."