गल्लीभर ओरडणारे मांडे

गुजरातला लागून असलेल्या टोकरखाड्यात आमच्या समोरच्या घरात धुळ्याकडचं जोडपं राहतं. भाऊ जवळच्याच गलोंडा गावातल्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. वहिनी घरीच असतात, आणि त्यांच्या हातचे खापरावरचे मांडे ज्याने खाल्ले त्याच्याशी पुरणपोळीचा विषय काढण्यात अर्थ नाही. मी कोकणातली, शाळेत शिकवते, सहजासहजी कुणाचं कौतुक करत नाही, तरी हे कबूल करते.

वहिनींनी गावाहून मांडे भाजायचं मातीचं खापर आणलं आणि दर रविवारी मांडे विकायचं ठरवलं. त्यांची स्वतःशीच एक अट होती: पहिलाच रविवार रिकामा गेला तर खापर माळ्यावर, आणि वहिनी कंपनीत पॅकिंगच्या कामाला. जाहिरातीची जबाबदारी भाऊंनी हौसेने घेतली. इथेच गाडं घसरलं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुजराती, बिहारी, मराठी सगळेच, म्हणून लिहिणं हिंदीत आणि अक्षरं इंग्रजी. भाऊंनी गुरुवारी टाकलं: ‘आ गया!!! आ गया!!! असली खानदेशी मांडा!!! जल्दी करो!!!!’ पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी अक्षरं कॅपिटल.

 मग तळमजल्यावरच्या गुजराती काकींनी घाबरून विचारलं, “शुं थयुं? पाणी बंध छे?” त्यांचं चुकलं नव्हतं. पाणी जाणार असलं की सेक्रेटरी असंच कॅपिटलमध्ये लिहितात. भाऊंना वाटलं, आपला आवाज कमी पडला. त्यांनी तोच मेसेज आणखी उद्गारचिन्हं लावून परत टाकला. एकही ऑर्डर नाही.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनी त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या, शाळेत पालक मुलाला आणतात तशा.

“मॅडम, बघा ना जरा यांचं. लोकं मांडे नाही पाहात, यांची बोंबच पाहतात.”

“अहो, कंपनीत मीच बोर्ड लिहितो,” भाऊ म्हणाले. “सगळं कॅपिटल. आजपर्यंत कोणी बोललं नाही.”

“तिथे मशीनचा खडखडाट असतो, बोर्ड लांबून वाचायचा असतो,” मी म्हटलं. “फोन हातात असतो, भाऊ. हातभर अंतरावरून कुणी कानात ओरडलं तर माणूस मान फिरवतो. आणि सगळंच मोठ्याने म्हटलं, तर त्यातलं महत्त्वाचं काय ते कळणार कसं?”

मग मी फोन घेतला आणि मास्तरकी दाखवली. अक्षरं लहान केली, वाक्याच्या सुरुवातीला तेवढं कॅपिटल ठेवलं. उद्गारचिन्हं एकूण एक उडवली. ‘असली’ गेलं, ‘जल्दी करो’ गेलं. वाचून दाखवलं: ‘रविवार को मांडे उपलब्ध रहेंगे. इच्छुक व्यक्ति संपर्क करें.’

वहिनी हसायलाच लागल्या. “मॅडम, हे तर फी भरा म्हणून सांगतंय.”

माझा चेहरा पडला, पण बोलणं खरं होतं. ओरडणं गेलं आणि त्याबरोबर आनंदही गेला होता. मग मी वहिनींनाच विचारलं, तुमच्या मांड्यांचं विशेष काय ते सांगा. त्या सांगत गेल्या, भाऊ टाइप करत गेले. ‘इस रविवार खापर पर बने खानदेशी मांडे. इतने पतले कि हाथ पर फैलाते हैं. पूरन और घी, दोनों घर के. शनिवार शाम तक बता दीजिए.’ कुठे ठणाणा नाही, पण वाचताना माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.

भाऊंनी शेवटी स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली: ‘बनानेवाली, मेरी मिसेस!’

लगेच त्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं. “सॉरी मॅडम. सवय आहे. काढतो.” आणि ते चिन्ह पुसायला त्यांनी अंगठा पुढे नेला.

वहिनींनी त्यांचा हात धरला. फोन स्वतःकडे ओढून ती ओळ वाचली, पुन्हा वाचली. “राहू द्या हे,” त्या म्हणाल्या. “तोंडावर कधी म्हटलं नाही इतक्या वर्षांत.” भाऊ पंख्याकडे बघू लागले. मला एकदम फार बरं वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला. आमच्याकडे कौतुक म्हणजे ‘मीठ बरोबर आहे’ एवढंच.

चिन्ह राहिलं. मेसेज गेला. पहिली ऑर्डर तळमजल्यावरच्या काकींची आली आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत वहिनींना पुरणाची डाळ परत भिजवावी लागली.

रविवारी जिन्यात तुपाचा वास होता. भाऊ डबे घेऊन घरोघरी फिरत होते आणि प्रत्येक दारात, मशीनच्या आवाजावर मात करावी तसे, ओरडून सांगत होते, “मिसेसने बनाया है!” तिथे मी काहीच दुरुस्त केलं नाही.