दोघांना एकच कडी

धाकटा भाऊ मुंबईहून ब्राउन शुगरची सवय घेऊन पोलादपूरला आला, तेव्हा मी त्याला मागच्या खोलीत कोंडलं. पहिल्याच संध्याकाळी जांभया आणि नाकाडोळ्यांतून पाणी सुरू झालं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, हाडं फोडल्यासारखं अंग. "दादा, मारून टाक रे मला," म्हणायचा. मी मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिलो. पाचव्या दिवशी तो पेज प्यायला, आठवड्याने अंगणात येऊन बसला. गावात माझं कौतुक झालं, आणि मला ते आवडलं.

पुढच्या वर्षी त्याच खोलीत मी काकांना कोंडलं. ते सकाळपासून दारू प्यायचे. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरत होते, सदरा घामाने भिजला होता.

काकी म्हणाली, "दवाखान्यात नेऊया रे. लक्षण बरं नाय."

धाकटा हसला. "काकी, माझे हाल याहून वाईट होते. मी मेलो काय?"

मीही कडी काढली नाही.

तिसऱ्या दिवशी काका तापाने फणफणले, अंगावर नसलेल्या मुंग्या झटकू लागले, मग आकडी आली. महाडच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ते गेले होते.

धाकट्याचं सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, "ब्राउन शुगर सुटताना माणूस मरण मागतो, पण सहसा मरत नाही. रोजची दारू एकदम तोडली तर जीव जाऊ शकतो. पहिल्या दिवशी आणलं असतं, तर औषधांनी बहुधा निभावलं असतं."

गाव म्हणालं, दारूने गेला. मी ते खोडलं नाही. काका दारू तोडल्यामुळे गेले, आणि ती मी तोडली होती. काकीला हे मी अजून सांगितलेलं नाही.