बाहेरच्यांसाठी प्रॉक्सीची सूचना

घोटीला राहून पीएचडी करणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीचा ग्रंथालयात फोन आला. घरून जर्नल उघडत नव्हतं. मी वैतागलेच. "जर्नल फक्त कॉलेजचा आयपी पत्ता ओळखतं. प्रॉक्सीतून, म्हणजे कॉलेजच्या मधल्या सर्व्हरमधून, लॉगिन केलंस की मागणी आपल्या पत्त्यावरून जाते. सगळं ग्रंथालयाच्या पानावर लिहिलंय, वाचत जा जरा."

"मॅडम, ते पानही इथून उघडत नाही. वर्षभर लेखांचे नुसते सारांश वाचतेय."

मी मोबाइलवरचं कॉलेजचं वायफाय बंद करून पाहिलं. खरंच उघडेना. बाहेरच्यांसाठीची सूचना मीच कॉलेजच्या अंतर्गत नेटवर्कवर टाकली होती.

मी तिला प्रॉक्सीची लिंक सांगितली. तिने शांतपणे लिहून घेतली.

"तोंडी परीक्षेला उपयोग होईल," ती म्हणाली. "प्रबंध मागच्याच आठवड्यात जमा केला."