तक्त्याखालची सही

शालेय ॲटलास काढणाऱ्या कचेरीत देशोदेशींच्या प्रशासकीय विभागांचे तक्ते त्या तपासत, म्हणून सगळे त्यांना तक्त्याच्या बाई म्हणत. निवृत्तीला सहा महिने उरले होते, पण संपादकांना त्या डोळ्यांसमोर नको होत्या.

“काउंटी, कॅन्टन, कम्यून, प्रीफेक्चर, परदेशातल्या या सगळ्या विभागांपुढे ‘जिल्हा’ लिहा आणि खाली सही ठोका,” ते खेकसले. “नाहीतर उद्यापासून घरी बसा.”

“जपानचं प्रीफेक्चर थेट देशाखाली येतं, स्वित्झर्लंडचं कॅन्टनही. अमेरिकेत काउंटी राज्याखाली. फ्रान्समध्ये कॅन्टन म्हणजे नुसता मतदारसंघ, आणि कम्यून सगळ्यात खालची पायरी,” बाई म्हणाल्या. “नावावरून पायरी कळत नाही, साहेब. त्या त्या देशाच्या सांख्यिकी खात्याची यादी उघडायची आणि कोण कुणाच्या पोटात आहे ते बघायचं.”

“मला अक्कल शिकवू नका! कोण बघतंय एवढं?”

“मग सही तुम्हीच करा.” बाईंनी तक्ता त्यांच्यापुढे सरकवला.

संपादकांनी पेन उघडलं, पण ते कागदाला टेकलं नाही. टोपण लावून त्यांनी तक्ता बाईंच्या टेबलावर आपटला. “दोन दिवस देतो. एक चूक निघाली, तर खुर्ची रिकामी करायची.”

बाईंनी पेन्सिलीला टोक काढलं आणि जपानची यादी उघडली.